ढवळ्यांचे धवळे कोणी केले?

जमीन विकायची ठरली की आपल्याकडे आधी गिऱ्हाईक शोधतात, मग भाव ठरतो, मग इसार घेतला जातो आणि सगळ्यात शेवटी कोणीतरी सातबारा नीट वाचतो. हा क्रम उलटा आहे आणि त्याची किंमत विकणाराच भरतो. इसारचिठ्ठीत खरेदीखताची तारीख पडलेली असते. घेणाऱ्याने कर्जाची फाईल बँकेत टाकलेली असते. अशा वेळी कळते की सातबारावर आपले आडनाव भलत्याच अक्षराने सुरू होते. मग घेणारा भाव पाडतो, दलाल ‘मी करून देतो’ म्हणून पैसे मागतो आणि तहसीलीत हेलपाटे सुरू होतात. कळमेश्वर तालुक्यात ही गोष्ट जास्त बोचते. नागपूर शेजारी आहे, औद्योगिक वसाहत आहे, संत्र्याच्या बागा आहेत, त्यामुळे जमिनीचे व्यवहार आणि जमिनीवरची कर्जे दोन्ही सतत चालू असतात.

‘एका अक्षरानं काय होते जी? सारं गाव मले ओळखते,’ असे शेतकरी म्हणतो, आणि त्याचे म्हणणे गावापुरते खरे आहे. बँकेचा वकील मात्र गावात राहत नाही. तो मागच्या अनेक वर्षांचे कागद एकाखाली एक लावतो. कोणाकडून कोणाकडे जमीन गेली, ही साखळी त्याला जोडायची असते. एका कडीवर ढवळे आणि पुढच्या कडीवर धवळे दिसले की तो थांबतो, आणि त्याने थांबायलाच हवे. एकाच मौजात सारख्या नावाची दोन माणसे असतात. चुलतभावांची नावे आजोबांवरून सारखी पडलेली असतात. नावातला फरक ही चूक आहे की ही दोन वेगळी माणसे आहेत, ते कागदावरून कळत नाही.

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५७ म्हणते की हक्कनोंदीतली आणि प्रमाणित फेरफारातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरीच मानली जाईल. चुकलेली नोंदही या नियमातून सुटत नाही. सातबारावर ‘धवळे’ असेल तर कायद्याच्या नजरेत जमीन धवळ्यांची आहे, आणि आपणच ते धवळे हे दाखवण्याचे ओझे आपल्यावर येते.

आता मुख्य गोष्ट. नाव चुकले आहे एवढे कळून उपयोग नाही. ते नाव पहिल्यांदा कुठल्या कागदावर चुकले, हे शोधावे लागते. कारण चूक जिथे जन्मली त्यावर ती कोण दुरुस्त करणार हे ठरते. चुकीच्या दारात अर्ज टाकला तर तो महिनोन्‌महिने पडून राहतो आणि शेवटी ‘या कार्यालयाच्या अधिकारात नाही’ असा शेरा मारून परत येतो. अर्जनवीस हे सांगत नाही. तो सगळ्यांना एकच छापील मजकूर भरून देतो.

एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पनेतला आहे, त्याच्या अडचणी मात्र रोजच्या आहेत. मोहपा भागातल्या एका मौजात रमेश महादेव ढवळे यांच्या नावाने दोन शेते आहेत. पहिले वडिलांकडून वारसाने आलेले. दुसरे त्यांनी स्वतः २००६ मध्ये शेजाऱ्याकडून नोंदणीकृत खरेदीखताने घेतलेले, दोन एकरांचे, म्हणजे ०.८१ हेक्टर आर, त्यात संत्रा. त्यांना दोन्ही शेते बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढायचे आहे. सातबारावर दोन्हीकडे ‘रमेश महादेव धवळे’ आहे. आधारवर ‘रमेश महादेवराव धवले’ आहे. शाळेच्या दाखल्यावर ‘रमेश महादेव ढवळे’.

इथे पहिला प्रश्न असा की चूक कोण आहे? बहुतेक लोक आधार हा खरा आणि सातबारा खोटा असे धरून चालतात. हे धरून चालू नका. आधारवरचे मराठी नाव पुष्कळदा इंग्रजी स्पेलिंगवरून यंत्राने उतरवलेले असते. इंग्रजीत ‘ढ’ आणि ‘ध’ सारखेच लिहिले जातात, ‘ळ’ आणि ‘ल’ सारखेच लिहिले जातात. त्यामुळे ढवळे हे धवले होतात, काळे हे काले होतात, धोटे हे ढोटे होतात. वानखडे आणि वानखेडे ही विदर्भातली दोन वेगळी आडनावे आहेत, पण ती एकमेकांत सहज मिसळतात. अशा वेळी सातबारा आधारसारखा करून घेणे म्हणजे जमिनीच्या कागदात नवी चूक घालणे होय. सातबारा बरोबर असेल तर त्याला हात लावू नका, आधार केंद्रावर जा. तिथेही विचार करून जा, कारण आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते.

रमेशरावांच्या बाबतीत दोन्ही कागद चुकलेले आहेत. आधारचे काम केंद्रावर होईल. सातबाराचे काम शोधापासून सुरू होते.

या शोधासाठी चार गोष्टी लागतात. पहिली, डिजिटल सहीचा ताजा सातबारा. तो digitalsatbara.mahabhumi.gov.in वर १५ रुपयांत मिळतो. दुसरी, खाते उतारा, म्हणजे आठ-अ. तिसरी, ज्या फेरफाराने आपले नाव सातबारावर लागले त्या फेरफाराची नक्कल. सातबारावर नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो, तोच मागायचा. चौथी, संगणक येण्याआधीचा हाताने लिहिलेला सातबारा. तो तहसीलीच्या अभिलेख कक्षातून नकलेच्या अर्जावर मिळतो. ही चौथी वस्तू लोक टाळतात, कारण तिला वेळ लागतो. सगळे प्रकरण तिच्यावरच उभे राहते.

आठ-अ कशाला, असे कोणी विचारेल. गावात एका माणसाची जमीन किती आणि कुठे, हे आठ-अ वर एका खात्याखाली दिसते. एकाच माणसाचे नाव दोन प्रकारे लिहिले गेले असेल तर त्याची पुष्कळदा दोन खाती पडलेली असतात, आणि एका खात्यावरची दुरुस्ती दुसऱ्या खात्यापर्यंत पोहोचत नाही. सातबारा एका शेताचा असतो, आठ-अ माणसाचा. म्हणून आठ-अ आधी वाचा. नावाच्या जवळपासच्या सगळ्या रूपांनी शोध घ्या, आणि अर्जात प्रत्येक खाते क्रमांक आणि प्रत्येक भूमापन क्रमांक लिहा. एक शेत राहून गेले तर पुढच्या व्यवहारात तीच रड पुन्हा येते.

रमेशरावांनी नकला काढल्या. पहिल्या शेताच्या हस्तलिखित सातबारावर आणि वारसाच्या फेरफारावर स्वच्छ ‘ढवळे’ आहे. म्हणजे कागद बरोबर होता, तो संगणकात उतरवताना अक्षर बदलले. दुसऱ्या शेताचे तसे नाही. तिथल्या फेरफारावर ‘धवळे’ आहे, आणि तो फेरफार ज्या खरेदीखतावरून घेतला त्या खरेदीखतातही ‘धवळे’च आहे. दस्त लिहिणाऱ्याने अक्षर चुकवले, सही करताना कोणी वाचले नाही, आणि पटवाऱ्याने दस्तात होते ते उतरवले.

माणूस एक, चूक एक, अक्षरही एकच. तरी दोन शेतांसाठी दोन वेगळ्या वाटा आहेत.

पहिल्या शेताची वाट संहितेच्या कलम १५५ मधून जाते. लेखनातल्या चुका, आणि ज्या चुका झाल्याचे संबंधित पक्ष मान्य करतात त्या चुका, दुरुस्त करण्याचा अधिकार या कलमाने दिला आहे. कायद्यात शब्द जिल्हाधिकारी असा आहे, तालुक्यात हा अधिकार तहसीलदार वापरतात. अर्ज पटवाऱ्याकडे किंवा तहसीलीत देता येतो. pdeigr.maharashtra.gov.in वरच्या ई-हक्क प्रणालीतही हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारातील तफावतीसाठी अर्जाची सोय आहे. अर्जात हक्काची गोष्ट काढू नका. ‘जमीन माझी आहे, मला न्याय द्या’ असे लिहिले की वाचणाऱ्याला तो मालकीचा वाद वाटतो. सरळ लिहा: अमुक भूमापन क्रमांक, अमुक खाते, हस्तलिखित सातबारावर आणि अमुक क्रमांकाच्या फेरफारावर नाव असे आहे, संगणकीकृत सातबारावर असे आहे, ते हस्तलिखिताप्रमाणे करावे. सोबत दोन्ही नकला लावा. जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवला की चूक कोणालाही दिसते. अशा प्रकरणात तहसीलदाराला काही ठरवायचे उरत नाही, फक्त जुळवायचे उरते.

तहसीलदार पटवाऱ्याकडून अहवाल मागवतात. पटवारी, म्हणजे आताच्या पाटीवरचा ग्राम महसूल अधिकारी, जुने दप्तर पाहतो. गरज वाटली तर शेजारच्या खातेदारांचे जबाब घेतो. ही चौकशी लोकांना छळ वाटते. मला ती योग्य वाटते. ‘माझे नाव चुकले आहे’ असे सांगून दुसऱ्याचे नाव स्वतःचे करून घेणारेही असतात, आणि दुरुस्तीच्या नावाखाली मालक बदलला तर खरा मालक कोर्टात वर्षे घालवतो. कलम १५५ हे लेखणीची चूक सुधारते, हक्क ठरवत नाही. तुमचे नाव आणि भावाचे नाव यांत वाद असेल, हिस्सा कमी-जास्त झाला असेल, एखादा वारस सुटला असेल, तर या कलमाखाली दाद मिळायला नको. तरीही ‘एकशेपंचावन्नमध्ये बसवून देतो’ असे कोणी सांगितले तर त्याच्यापासून दूर राहा. असा आदेश पुढे अपिलात टिकत नाही, आणि तोवर तुमचा व्यवहार झालेला असतो.

आदेश झाला म्हणजे काम झाले असेही नाही. त्या आदेशावरून पटवारी फेरफाराची नोंद घेतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि तेव्हा सातबारावरचे नाव बदलते. आदेशाची प्रत घरी आणून पेटीत ठेवणारे लोक आहेत. दोन वर्षांनी बँकेत गेल्यावर त्यांना कळते की सातबारा जसाचा तसा आहे. आदेश मिळाल्यावर फेरफाराचा क्रमांक मागा, आणि तो प्रमाणित झाला की नवा डिजिटल उतारा काढून अक्षर न्‌ अक्षर वाचा. २०२० पासूनच्या सातबाराच्या नव्या नमुन्यात प्रलंबित फेरफार आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख दिसते. तिथे तुमचा फेरफार प्रलंबित दिसत असेल तर काम अर्धेच आहे.

तहसीलदाराने अर्ज फेटाळला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते, त्याची मुदत ६० दिवसांची आहे. म्हणून फेटाळल्याचा आदेश तोंडी ऐकून परत येऊ नका. लेखी घ्या, तारखेसह घ्या.

आता दुसरे शेत, ज्याचे खरेदीखतच चुकलेले आहे. रमेशरावांनी तोच अर्ज इथेही टाकला असता तर तहसीलदाराने विचारले असते की, हक्कनोंदीत चूक आहे कुठे? दस्तात धवळे, फेरफारात धवळे, सातबारावर धवळे. महसूल खात्याने आपले काम बरोबर केले आहे. चूक दस्तात आहे आणि दस्त तहसीलदाराचा नाही. तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदलेला आहे. दुय्यम निबंधकही स्वतः त्यात अक्षर बदलू शकत नाही, कारण दस्त पक्षकारांचा आहे. मार्ग एकच: ज्यांनी मूळ दस्त केला त्यांनीच चूक दुरुस्ती पत्र करून ते नोंदवायचे.

या पत्रात मूळ खरेदीखताचा क्रमांक आणि तारीख असते, काय चुकले आणि काय वाचावे ते असते, आणि देणारा व घेणारा या दोघांच्याही सह्या असतात. जमीन, क्षेत्र, किंमत यांतले काही बदलत नसल्याने पुन्हा खरेदीइतके मुद्रांक शुल्क लागत नाही, किरकोळ ठरावीक शुल्क लागते. खर्च थोडा आहे. अडचण आहे ती माणसे जमवण्याची. २००६ मध्ये जमीन देणारा शेजारी आता हयात नसेल तर त्याच्या सगळ्या वारसांनी सही करायला यावे लागते. एक मुलगा नागपूरला, एक पुण्याला, मुलगी लग्न होऊन छिंदवाड्याला. कोणाला सुट्टी नाही. कोणाला वाटते, ‘बापानं विकलेल्या जमिनीवर आता सही कशाले देऊ?’ आणि कोणाला वाटते, जमिनीचा भाव वाढला आहे, सहीचे काही मिळेल.

यावर उपाय एकच, घाई नसताना सही मागणे. इसार झाल्यावर, बँकेची मुदत डोक्यावर असताना मागाल तर समोरच्याला तुमची अडचण दिसते आणि तो तिची किंमत लावतो. सणासुदीला सगळे गावी असताना, कुठलाही व्यवहार ठरलेला नसताना मागाल तर ती नुसती शेजारधर्माची सही राहते. सोबत मूळ खरेदीखताची प्रत घेऊन जा, कोणते अक्षर बदलायचे ते दाखवा, आणि दुरुस्ती पत्राचा मजकूर त्यांच्या हातात वाचायला द्या. भीती बहुतेक वेळा न वाचलेल्या कागदाची असते.

वारस साफ नकार देतात तेव्हा दिवाणी न्यायालय उरते. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ प्रमाणे, दोन्ही पक्षांच्या समान चुकीमुळे किंवा फसवणुकीमुळे दस्तात खरा हेतू उतरला नसेल तर तो दुरुस्त करून मागता येतो. पण एका अक्षरासाठी दावा लावणे ही शेवटची पायरी आहे.

रमेशरावांनी चूक दुरुस्ती पत्र नोंदवले, त्यावरून फेरफाराची नोंद पडली, हितसंबंधितांना नोटिसा गेल्या, हरकतीची १५ दिवसांची मुदत संपली आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली असे समजू. तरी एक काम उरतेच. दोन शेतांच्या दुरुस्त्या दोन वेळी झाल्या, त्यामुळे आठ-अ वर त्यांची दोन खाती राहिलेली असू शकतात. ती एक करायला पटवाऱ्याला सांगावे. ‘इतर हक्क’ या रकान्यातही डोकावावे. तिथे सेवा सहकारी संस्थेचा जुना बोजा असेल, फेडूनही राहिलेला, तर तो कमी केल्याशिवाय बँक पुढे जाणार नाही. नाव दुरुस्त करायला गेलेला माणूस हा रकाना वाचतच नाही.

इथे लोक विचारतात, एवढे सगळे करण्यापेक्षा ‘ढवळे आणि धवळे ही एकच व्यक्ती’ असे प्रतिज्ञापत्र दिले तर चालत नाही का? काही ठिकाणी चालते. काही बँका पीककर्जाला ते चालवून घेतात. पण प्रतिज्ञापत्राने नोंद बदलत नाही. पुढच्या कर्जाला पुन्हा प्रतिज्ञापत्र, मुलांच्या वारसनोंदीला पुन्हा तोच घोळ. विक्रीत तर धोका घेणाऱ्याकडे सरकतो. खरेदीखतात देणार ढवळे आणि सातबारावर धवळे, असा दस्त नोंदवला गेला तरी त्यावरचा फेरफार मंडळ अधिकारी रद्द करू शकतो, कारण सातबारावर नसलेल्या माणसाने जमीन दिली असे कागदावर दिसते. पैसे देऊन बसलेला घेणारा मग जुन्या मालकाच्या दारात उभा राहतो. प्रतिज्ञापत्र हे दुरुस्तीच्या अर्जाला जोडायचा पुरावा म्हणून ठीक आहे, दुरुस्तीच्या जागी ते नको. आणि ते अर्जासोबत जोडताना १०० किंवा ५०० च्या मुद्रांकाचा आग्रह कोणी धरला तर लक्षात ठेवा, सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचे मुद्रांक शुल्क राज्य सरकारने १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ केलेले आहे. साध्या कागदावरचे प्रतिज्ञापत्र पुरते.

काही गोष्टी नावाच्या चुकीसारख्या दिसतात, पण चुका नसतात. लग्नानंतर बदललेले नाव ही चूक नाही. तिथे विवाहाचा दाखला आणि राजपत्र लागते. सातबारावरचा माणूस मेलेला असेल तर त्याचे नाव दुरुस्त करत बसू नका, वारसांची नोंद करा. सरकारने २०२५ मध्ये राबवलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम याच कामासाठी होती. जमीन गावठाणाबाहेरची शेती नसून कळमेश्वर शहरातला नगर भूमापन झालेला प्लॉट असेल, तर त्याचा कागद सातबारा नसून आखीव पत्रिका असतो आणि तिची दुरुस्ती तहसीलीत होत नाही, उपअधीक्षक भूमि अभिलेख यांच्या कार्यालयात होते.

आमच्या भागात आणखी एक जुनी गाठ आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि इथल्या जमिनींना त्या राज्याचा १९५४ चा महसूल कायदा लागू होता. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आजही आमच्याकडे जमिनीच्या इतिहासाचा पाया मानला जातो. त्या काळच्या नोंदींत आडनाव नसणे नेहमीचे होते. ‘गोविंदा वल्द सोमा’ आणि पुढे जात. बाईचे नाव ‘जौजे’ अमुक किंवा ‘बेवा’ अमुक असे. त्या गोविंदाचा पणतू आज आडनाव, वडिलांच्या नावापुढे ‘राव’ आणि इंग्रजी स्पेलिंग घेऊन बँकेत जातो. अशा नोंदीत आडनाव घालायचे असेल तर एका नकलेने भागत नाही. अधिकार अभिलेख, मधले फेरफार, वंशावळ, जुना शाळेचा दाखला असे एकेक पान जोडत खाली यावे लागते. नुसत्या ‘राव’चा फरक असेल तर मात्र मी सातबाराला हात लावू नका असेच सांगेन. महादेव आणि महादेवराव यांतला फरक बहुतेक वकील साध्या प्रतिज्ञापत्रावर मानतात. आडनावाचे पहिले अक्षर, वडिलांचे वेगळेच नाव, किंवा मूळ नावच दुसरे, या चुका मात्र दुरुस्त केल्याशिवाय राहू देऊ नका.

अलीकडे हा प्रश्न विक्री आणि गहाण यांच्यापुरता राहिलेला नाही. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आणि त्यात आधारवरचे नाव जमिनीच्या नोंदीशी ताडून पाहिले जाते. ज्यांनी कधी जमीन विकायचा विचारही केला नव्हता त्यांनाही त्यामुळे आपले नाव चुकल्याचे कळले.

आता तहसीलीकडे बोट दाखवायलाच हवे. दस्त चुकला तर ती चूक पक्षकारांची. पण हस्तलिखित सातबारावर ढवळे आणि संगणकावर धवळे, ही चूक शेतकऱ्याने केलेली नाही. ती सरकारच्या कामात झाली. बरोबर नाव लिहिलेले पान सरकारच्याच अभिलेख कक्षात आहे. तरी नक्कल काढायची शेतकऱ्याने, अर्ज करायचा शेतकऱ्याने, तारखा घ्यायच्या शेतकऱ्याने, आणि मजुरी बुडवून यायचेही त्यानेच. हे अन्यायाचे आहे, आणि कायद्याला ते हवे आहे असेही नाही. कलम १५५ मध्येच तरतूद आहे की तपासणी करताना महसूल अधिकाऱ्याच्या नजरेस आलेली चूकही, संबंधितांना नोटीस देऊन आणि हरकती ऐकून, दुरुस्त करता येते. म्हणजे अर्जाची वाट पाहण्याची सक्ती नाही. अधिकार आहे, जुने पान आहे, नवे पान आहे. कोणीतरी बसून दोन्ही ताडून पाहायची आहेत.

कळमेश्वरच्या तहसीलदारांना माझी मागणी एवढीच आहे. एका मौजापासून सुरुवात करा. त्या मौजाचे हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारे ताडून तफावतीची यादी चावडीवर लावा, चावडी वाचन घ्या, नोटिसा काढा आणि जिथे हरकत नाही तिथे स्वतःहून आदेश करा. मग दुसरे मौजे घ्या. आणि ज्यांना या वर्षी जमीन विकायची किंवा गहाण ठेवायची आहे त्यांनी त्याची वाट पाहू नये. इसार घेण्याआधी आठ-अ काढावा, आणि हस्तलिखित सातबाराच्या नकलेचा अर्ज याच आठवड्यात द्यावा.